शेडच्या सोलरची बॅटरी भरत नाही? नवी बॅटरी घ्यायच्या आधी हे तपासा

गोठ्यावर, पंपाच्या खोलीवर किंवा शेतातल्या शेडवर १०० वॅटचं एक पॅनेल, खाली चार्ज कंट्रोलरची छोटी डबी आणि एक १२ व्होल्टची बॅटरी. एवढ्याशा जोडणीत बिघडून काय बिघडणार, असं वाटतं. तरी दर हंगामात माझ्याकडे तीच तक्रार येते आणि बहुतेक जण बॅटरी बदलूनच आलेले असतात. नवी बॅटरी पहिले काही आठवडे बरी चालते, मग तिचंही तेच होतं. कारण दोष बॅटरीत नव्हताच. ती बिचारी कधी पूर्ण भरलीच नव्हती.

खाली लिहिलंय ते छोट्या जोडणीसाठी: ५० ते १५० वॅटचं ३६ सेलचं पॅनेल, साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर, म्हणजे पॅनेल थेट बॅटरीला जोडून-तोडून चार्जिंग आवरणारा, आणि पाणी घालायची लेड-ॲसिड बॅटरी. सौर कृषिपंपाच्या पॅनेलना यातलं काहीही लागू नाही. तिथे अनेक पॅनेल एकापुढे एक जोडलेली असतात आणि तो डीसी जीव घेऊ शकतो. त्या पॅनेलमधून शेडसाठी ‘एक फाटा’ काढायचा विचार असेल तर तो इथेच सोडून द्या.

लक्षणं

यातली दोन-तीन तरी तुमच्याकडे दिसत असतील:

- संध्याकाळी दिवा छान लागतो, पण नऊ-दहाच्या सुमाराला आपोआप बंद पडतो.
- एकदा बंद पडला की सकाळी बॅटरीवर १२ व्होल्ट दिसत असूनही दिवा लागत नाही.
- दिवसा कंट्रोलरवर चार्जिंगची खूण दिसते, तरी रात्री बॅटरी रिकामी.
- दुपारी स्क्रीनवर १४ व्होल्टच्या वर आकडा, आणि दिवा लावताच तो झपाट्याने खाली येतो.
- पावसाळ्यात चालत होतं, दिवाळीनंतर बिघडलं.
- बॅटरीतलं पाणी लवकर आटतं, जवळ गेलं की उग्र वास येतो.

दुसऱ्या लक्षणावर आधीच बोलून टाकतो, कारण त्यात बहुतेकदा बिघाड नसतोच. बॅटरी फार खाली गेली की कंट्रोलर दिवा तोडतो. बाजारातल्या साध्या निळ्या डब्यांमध्ये हा आकडा साधारण १०.७ व्होल्टला ठेवलेला असतो. पण दिवा पुन्हा जोडायचा आकडा मात्र १२.६ च्या आसपास असतो. मधल्या टप्प्यात कंट्रोलर मुद्दाम दिवा लावत नाही, बॅटरी आधी भरू दे म्हणतो. लोकांना वाटतं डबी जळाली, आणि ते नवी आणतात. नवी डबीही तसंच वागते, कारण तिच्यातही तेच आकडे असतात.

हाताशी काय हवं

साधा डिजिटल मल्टिमीटर, पान्हा, स्क्रू-ड्रायव्हर, खायचा सोडा, जुना दात घासायचा ब्रश, थोडं व्हॅसलीन आणि पॅनेल झाकायला एक जाड पोतं. पान्ह्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा. हातातलं कडं, अंगठी काढून ठेवा. बॅटरीच्या दोन टर्मिनलना पान्हा एकदम टेकला तर तो क्षणात लाल होतो. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून तिथे बिडी-काडी नको.

मल्टिमीटरबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. लाल पिन ‘10A’ च्या भोकात असताना मीटर बॅटरीच्या दोन टर्मिनलवर कधीही लावायचा नाही. तो सरळ शॉर्ट सर्किट होतो. व्होल्ट मोजताना पिन व्होल्टच्या भोकात आहे ना, हे दर वेळी बघा.

पहिली तपासणी: सावली आणि धूळ (खर्च शून्य)

सकाळी दहा, दुपारी बारा आणि तीनला पॅनेलकडे नुसतं बघून या. पॅनेलच्या कोपऱ्यावर हाताच्या पंजाएवढी सावली असली तरी पुरे. ३६ सेलच्या पॅनेलमध्ये सगळे सेल एका माळेत असतात आणि मागच्या पेटीत बहुधा दोन बायपास डायोड असतात. एका अर्ध्यावर सावली आली की डायोड तो अर्धा भाग बाजूला काढतो. मोठ्या जोडणीत यामुळे निम्मी वीज तरी मिळते. आपल्या एकट्या पॅनेलमध्ये मात्र उरलेल्या अर्ध्याचे साधारण ९ व्होल्टच राहतात, आणि १२ व्होल्टच्या बॅटरीत ९ व्होल्टवरून काहीच जाऊ शकत नाही. म्हणजे पॅनेलचा दहावा भाग झाकला गेला तर चार्जिंग दहा टक्क्यांनी नाही, जवळजवळ सगळंच जातं.

‘दिवाळीनंतर बिघडलं’ याचं कारण बहुधा इथेच सापडतं. मे ते जुलै या काळात आपल्याकडे दुपारचा सूर्य जवळपास डोक्यावर असतो, महाराष्ट्राच्या बऱ्याच भागात काही दिवस तर थोडा उत्तरेकडेही जातो. डिसेंबरात तो दक्षिणेला बराच खाली येतो. शेडच्या दक्षिणेचा लिंब किंवा बाभूळ उन्हाळ्यात आड येत नाही, पण थंडीत त्याची सावली नेमकी पॅनेलवर येते. फांदी छाटा किंवा पॅनेल सरकवा. पॅनेलचं तोंड दक्षिणेला आणि उतार साधारण १५ ते २० अंश हवा. पत्र्यावर आडवं टाकलेलं पॅनेल चालतं, पण त्यावर धूळ आणि पाणी साचून राहतं.

धूळ सकाळी ऊन चढायच्या आत साध्या पाण्याने, मऊ फडक्याने पुसा. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका. पक्ष्यांची विष्ठा धुळीपेक्षा वाईट, कारण ती एकाच सेलला पूर्ण झाकते आणि सावलीसारखंच काम करते. पत्रा निसरडा किंवा कुजका असेल तर वर चढू नका, शिडीवरून लांब काठीला फडकं बांधून पुसा.

दुसरी तपासणी: कंट्रोलरची सेटिंग आणि जोडणीचा क्रम (खर्च शून्य)

स्क्रीनवाल्या डबीत दोन गोष्टी बघा. एक, बॅटरीचा प्रकार. पाण्याच्या बॅटरीला लिथियमची सेटिंग दिलेली असेल तर ती कायम अर्धवट भरेल. कोणत्या आकड्याचा अर्थ काय, हे डबीसोबतच्या चिठ्ठीत असतं आणि ते कंपनीगणिक बदलतं, म्हणून इथे सांगत नाही. दोन, दिव्याची वेळ. स्क्रीनवर 24H असेल तर दिव्याचं टर्मिनल सतत चालू राहतं. त्याऐवजी तिथे 4H असेल तर कंट्रोलर अंधार पडल्यापासून चार तासांनी दिवा स्वतःच बंद करेल, आणि तुम्ही बॅटरीला शिव्या घालत बसाल.

जोडणीचा क्रम: आधी बॅटरी, मग पॅनेल, शेवटी दिवा. काढताना उलट. हा नुसता रिवाज नाही. बहुतेक डब्या १२ आणि २४ व्होल्ट दोन्हींवर चालतात आणि समोर किती व्होल्टची बॅटरी आहे हे जोडताक्षणी ओळखतात. आधी पॅनेल जोडलं तर डबीला २० व्होल्टच्या वर दिसतात आणि ती २४ व्होल्टची बॅटरी समजून बसू शकते. मग १२ व्होल्टच्या बॅटरीत ती दिवसभर वीज कोंबत राहते. पाणी पटापट आटणं, उग्र वास, बॅटरी हाताला गरम लागणं, ही त्याचीच लक्षणं. पॅनेल पोत्याने झाकून सगळं सोडवा आणि योग्य क्रमाने परत जोडा.

इन्व्हर्टर कंट्रोलरच्या दिव्याच्या टर्मिनलवर जोडला असेल तर लगेच काढा. १० अँपिअरचं ते टर्मिनल दिव्यासाठी आहे. इन्व्हर्टर सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट ओढतो आणि डबीच्या पोटातला ट्रान्झिस्टर जळतो. इन्व्हर्टर लावायचाच तर फ्यूज घालून थेट बॅटरीवर, आणि काम झालं की बंद. रिकामा चालू ठेवलेला इन्व्हर्टरही रात्रभर बॅटरी खात राहतो.

तिसरी तपासणी: बॅटरीची टर्मिनलं, फ्यूज आणि पाणी (खर्च किरकोळ)

टर्मिनलवर पांढरट-निळसर पावडर आली असेल तर आधी पॅनेल झाका, मग बॅटरीच्या वायरी सोडवा. कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून ब्रशने घासा. सोड्याचं पाणी बॅटरीच्या झाकणातून आत जाऊ देऊ नका, ते आतल्या ॲसिडलाही मारेल. कोरडं करून घट्ट आवळा, वरून व्हॅसलीन लावा. वायर नुसती टर्मिनलला गुंडाळलेली असेल तर तिच्या टोकाला लग, म्हणजे बोल्टसाठी भोक असलेलं धातूचं टोक, लावून बसवा.

फ्यूजचा होल्डरही उघडून बघा. गोठ्यात जनावरांच्या मुताचा वास सतत असतो आणि त्या हवेत तांबं-पितळ लवकर हिरवं पडतं. फ्यूज शाबूत दिसतो, पण त्याच्या दोन टोकांना गंज धरलेला असतो. फ्यूज नसेलच तर बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरावर १५ अँपिअरचा फ्यूज आजच बसवा. वायर कुठे उंदराने कुरतडली आणि शॉर्ट झाली तर कडब्याशेजारच्या त्या शेडमध्ये आग लागायला एवढंसं कारण पुरतं.

पाणी बघताना, प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील एवढंच डिस्टिल्ड वॉटर आधी घाला. बाकीचं पूर्ण चार्ज झाल्यावर खुणेपर्यंत. रिकाम्या बॅटरीत वरपर्यंत भरलं तर चार्ज होताना उतू जातं. बोअरचं पाणी नको, आणि ‘जोर यावा’ म्हणून ॲसिड तर अजिबात नको.

चौथी तपासणी: चालू असताना व्होल्ट कुठे हरवतात? (खर्च शून्य, पण इथेच खरा दोष सापडतो)

बहुतेक जण पॅनेलची वायर कंट्रोलरमधून काढतात, मीटर लावतात, २० व्होल्ट दिसले की ‘पॅनेल चांगलं, वायर चांगली’ म्हणून मोकळे होतात. या मापाला फार अर्थ नाही. व्हॉल्व्ह बंद ठेवून पाइपलाइनचं प्रेशर बघण्यातला हा प्रकार आहे. पाणी किती येतं ते व्हॉल्व्ह उघडल्यावरच कळतं. वायरमधून करंट वाहत नसताना बारीक वायर, गंजलेला जोड, ढिला स्क्रू, सगळे पूर्ण व्होल्ट दाखवतात. म्हणून सगळं जोडलेलं ठेवून, भर उन्हात, बॅटरी पूर्ण भरलेली नसताना मोजायचं. सकाळी अकरा ते दुपारी दोनची वेळ चांगली.

चार ठिकाणी व्होल्ट घ्या आणि कागदावर लिहा:

१. पॅनेलजवळच्या पहिल्या जोडावर
२. कंट्रोलरच्या पॅनेल टर्मिनलवर
३. कंट्रोलरच्या बॅटरी टर्मिनलवर
४. थेट बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवर, लगवर नाही

पहिल्या दोन आकड्यांतला फरक म्हणजे पॅनेलच्या वायरने खाल्लेले व्होल्ट. शेवटच्या दोनमधला फरक म्हणजे बॅटरीच्या वायर, फ्यूज आणि लगांनी खाल्लेले. दुसऱ्या आणि तिसऱ्यातला फरक कंट्रोलरचा स्वतःचा. चार्जिंग चालू असताना तो अर्ध्या व्होल्टच्या आत हवा.

प्रत्यक्ष कसं दिसतं ते एका जोडणीवरून सांगतो. जत भागातला शेळ्यांचा गोठा. १०० वॅटचं पॅनेल, १० अँपिअरची डबी, ४० अँपिअर-अवरची ट्यूब्युलर बॅटरी, ९ वॅटचे दोन डीसी बल्ब. मालकाने दुसरी बॅटरी आणली होती आणि तिसरीसाठी विचारत होता. एप्रिलची दुपार, ऊन कडक, पॅनेलवर सावली नाही. वायर काढून मोजलं तर २० व्होल्टच्या वर, म्हणजे सगळं ठीक वाटावं असंच. जोडून मोजलं तेव्हा पॅनेलजवळ १५.३, कंट्रोलरच्या पॅनेल टर्मिनलवर १३.३, कंट्रोलरच्या बॅटरी टर्मिनलवर १३.१ आणि बॅटरीवर १३.०. करंट ४.२ अँपिअर. पॅनेल ते कंट्रोलर या वाटेतच दोन व्होल्ट गायब.

गोठ्याच्या टोकाच्या पत्र्यावर पॅनेल आणि दुसऱ्या टोकाला बॅटरी, मध्ये १२ मीटर अंतर. वायर घरात दिव्याला वापरतात ती १ एमएमची. जाऊन-येऊन २४ मीटर तांबं, आणि १ एमएमच्या वायरचा विरोध मीटरला साधारण ०.०२ ओहम, म्हणजे एकूण अर्धा ओहमच्या जवळ. त्यातून चार अँपिअर गेले की दोन व्होल्ट जाणारच. हिशेब आणि मीटर दोन्ही जुळले, म्हणजे जोडात वेगळा दोष नव्हता, वायरच बारीक होती.

दोन व्होल्टने एवढं काय बिघडतं, असा प्रश्न पडेल. पॅनेलच्या मागच्या चिकटपट्टीवर Vmp, म्हणजे पॅनेल पूर्ण ताकदीने चालतानाचे व्होल्ट, म्हणून साधारण १८ लिहिलेले असतात. तो आकडा सेल २५ अंशांवर असतानाचा आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात तापलेल्या पत्र्यावर सेल ६५ अंशांपर्यंत जातात, आणि दर अंशाला व्होल्ट सुमारे ०.४ टक्क्याने उतरतात. म्हणजे १८ चे राहिले १५ च्या थोडे वर. बॅटरी पूर्ण भरायला १४.४ च्या आसपास लागतात. १५ मधून वायरने दोन खाल्ले की उरले १३. मग बॅटरी १३ च्या आसपास चढते आणि तिथेच रेंगाळते. करंट कमी-कमी होत जातो, चार्जिंगची खूण मात्र दिवसभर दिसत राहते, कारण ती खूण फक्त ‘पॅनेलकडून काहीतरी येतंय’ एवढंच सांगते, किती येतंय ते नाही. अशी कायम अर्धवट भरलेली लेड-ॲसिड बॅटरी काही महिन्यांत प्लेटांवर सल्फेट धरते आणि मग खरोखरच खराब होते. तक्रार ऐन उन्हाळ्यात का वाढते, याचंही उत्तर यातच आहे. ऊन जास्त असतं, पण पॅनेल तापलेलं असतं.

तिथे ४ एमएमची तांब्याची वायर ओढली. त्याच अंतराचा विरोध पाव पटीवर आला. करंट ५ अँपिअरच्या थोडा वर गेला, वायरमध्ये अर्ध्या व्होल्टच्या आसपासच जाऊ लागलं आणि दोन-तीन चांगल्या उन्हाच्या दिवसांनंतर दुपारी बॅटरीवर १४ च्या वरचे आकडे दिसू लागले. तिसरी बॅटरी आणावी लागली नाही.

तुमच्याकडे फरक जास्त आहे, पण वायर जाड आणि अंतर कमी, असं असेल तर दोष जोडात आहे. दोन वायरी पिळून वर काळी टेप मारलेला जोड एका पावसाळ्यात आतून हिरवा होतो. तो भाग कापून टाका, क्रिंप करून किंवा डाख देऊन वर हीट-श्रिंक नळी चढवा. पॅनेलच्या वायरींना एमसी-फोर नावाचे खटक्याचे कनेक्टर असतील तर ते नीट ‘टक्’ आवाज होऊन बसले आहेत का बघा. चालू करंटमध्ये ते ओढून काढू नका, डीसीची ठिणगी लांबते आणि कनेक्टर भाजतो. आधी पॅनेलवर पोतं.

कंट्रोलर बॅटरीपासून लांब असेल तर

हा दोष लोकांच्या लक्षात येत नाही. कंट्रोलर बॅटरीचे व्होल्ट बॅटरीवर नाही, स्वतःच्या टर्मिनलवर मोजतो. मधली वायर बारीक किंवा लांब असेल तर दिवसा चार्जिंगच्या वेळी त्याला व्होल्ट खऱ्यापेक्षा जास्त दिसतात आणि तो ‘भरली’ म्हणून करंट कमी करतो. रात्री दिवा लागला की त्याच वायरमुळे व्होल्ट खऱ्यापेक्षा कमी दिसतात आणि तो ‘संपली’ म्हणून दिवा तोडतो. दोन्हीकडून मार. वर लक्षणांत लिहिलेलं ‘दुपारी १४ आणि दिवा लावताच धाडकन खाली’ हे याचं ठळक रूप, जरी म्हाताऱ्या बॅटरीतही तसंच दिसतं. ओळखायला सोपं: स्क्रीनवरचा आकडा आणि बॅटरीच्या खुंट्यांवर मीटरचा आकडा एकाच वेळी बघा. ०.२ पेक्षा जास्त फरक असेल तर डबी बॅटरीच्या जवळ, मीटरभराच्या आत आणा आणि तेवढ्याला जाड वायर लावा. लांब वायर न्यायचीच असेल तर ती पॅनेलच्या बाजूला जाड घेऊन न्या. डबी बॅटरीच्या अगदी डोक्यावर मात्र नको, बॅटरीच्या वाफेने आतली पाटी गंजते.

पाचवी तपासणी: पॅनेल की कंट्रोलर? (मीटर नीट वापरता येत असेल तरच)

वायरी ठीक आणि तरी करंट नाही, तर पॅनेलचा करंट थेट मोजा. पॅनेल झाका, त्याच्या दोन्ही वायरी कंट्रोलरमधून काढा, मीटर ‘10A’ वर घेऊन त्या दोन वायरींमध्ये लावा आणि मग पोतं काढा. एकट्या १०० वॅटच्या पॅनेलला असं शॉर्ट केल्याने काही होत नाही. मोठ्या पॅनेलला हे करू नका, मीटर जळेल. स्वच्छ उन्हात ५ अँपिअरच्या आसपास आले तर पॅनेल ठीक. आकडा बघून लगेच पोतं परत टाका, साधे मीटर इतका करंट काही सेकंदच सोसतात. वायरमनकडचा नेहमीचा क्लॅम्पमीटर इथे बहुधा उपयोगी नाही, तो फक्त एसी मोजतो. डीसीचा वेगळा येतो.

पॅनेल ५ देतंय, बॅटरी १३ च्या खाली आहे आणि कंट्रोलर जोडल्यावर जवळजवळ काहीच जात नाही, तर कंट्रोलर गेला. तो दुरुस्त करत बसण्यात अर्थ नाही, बदला. उलट, पॅनेलच २ अँपिअरच्या खाली असेल आणि सावली-धूळ नसेल तर पॅनेलच्या मागची काळी पेटी, काचेला तडा किंवा सेलवर तपकिरी डाग बघा.

इथे एक वेगळा प्रकार सांगायला हवा. आजकाल ३३० वॅटचं ७२ सेलचं जुनं पॅनेल स्वस्तात मिळतं म्हणून कोणी ते या डबीला जोडतं. पीडब्ल्यूएम डबी पॅनेलला सरळ बॅटरीच्या व्होल्टवर ओढते. ३७ व्होल्टवर चालायचं पॅनेल १३ वर चालतं आणि निम्म्याहून जास्त ताकद वाया जाते. शिवाय काही न जोडता मोजलेले व्होल्ट ४५ च्या पुढे असल्याने डबीची मर्यादा ओलांडायची भीती. अशा पॅनेलला जादा व्होल्टचं करंटमध्ये रूपांतर करणारा एमपीपीटी कंट्रोलरच लागतो.

सहावी तपासणी: बॅटरी (इथे पैसे लागतात, म्हणून शेवटी)

आता कुठे बॅटरीवर संशय घ्यायचा. वरचं सगळं ठीक केल्यावर दोन-तीन दिवस दिवा न लावता तिला पूर्ण भरू द्या. मग पॅनेल आणि दिवा दोन्ही तोडून तीन तास स्वस्थ ठेवा. १२.६ च्या वर असेल तर भरलेली, १२.२ च्या आसपास अर्धी, १०.५ च्या जवळ अडकत असेल तर सहापैकी एक सेल मेला आहे. ॲसिडची घनता मोजणारा हायड्रोमीटर असेल तर सहाही सेलचं ॲसिड बघा. ट्यूब्युलर बॅटरीत भरल्यावर बहुधा १२४० च्या आसपास काटा दिसतो. पाच सेल सारखे आणि एक ४०-५० ने खाली, तर ती बॅटरी वाचत नाही.

सगळ्यात खात्रीची परीक्षा म्हणजे दिवा लावून घड्याळ बघणं. ४० अँपिअर-अवरच्या भरलेल्या बॅटरीवर ९ वॅटचे दोन बल्ब मिळून दीड अँपिअर ओढतात, म्हणजे निम्मी बॅटरी वापरायलाही बारा-तेरा तास लागायला हवेत. चार तासांत बंद पडली तर बॅटरी संपली. ट्रॅक्टरची जुनी बॅटरी लावलेली असेल तर असं लवकर होतं. तिच्या प्लेटा पातळ, स्टार्टर फिरवायला बनवलेल्या. रोज खोलवर रिकामं होणं तिला सोसत नाही.

बॅटरी चांगली निघाली, तरी दिवा पुरत नाही? मग वापराचा हिशेब मांडा. १०० वॅटचं पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला २० ते २५ अँपिअर-अवर देतं. दोन बल्ब रात्रभर दहा तास म्हणजे १५. त्यावर दोन मोबाइल आणि रानडुकरांसाठीचं झटका मशीन बसवलं की उन्हाळ्यात जेमतेम भागेल, आषाढ-श्रावणाच्या झडीत नाही. तेव्हा एक बल्ब काढा, नाहीतर पॅनेल वाढवा. बॅटरी वाढवून उपयोग नाही, मोठी टाकी आणली म्हणून बोअरला पाणी वाढत नाही. आणि झटक्याची तार कायम मशीनमधूनच न्या, इन्व्हर्टरवरून थेट कधीच नाही. त्याने माणसं मरतात.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

बॅटरीची बाजू फुगली असेल, कुजक्या अंड्यासारखा वास येत असेल किंवा ती हात लावता येणार नाही एवढी गरम असेल, तर आधी पॅनेल झाका, शेड उघडी करा आणि बाजूला व्हा. ती थंड झाल्याशिवाय वायरींना हात नको. ॲसिड डोळ्यात गेलं तर चोळू नका, वाहत्या पाण्याने पंधरा-वीस मिनिटं धुवा आणि तसेच दवाखान्यात जा.

वायरीचं प्लास्टिक वितळलेलं, फ्यूज नवा घातला की लगेच उडणारा, पॅनेलची काच फुटून आत पाणी शिरलेलं, वीज पडल्यानंतर बंद पडलेली जोडणी, बॅटरी लिथियमची, किंवा दोनपेक्षा जास्त पॅनेल एकापुढे एक जोडलेली: यातल्या कशातही स्वतः हात घालू नका. फ्यूज वारंवार उडतोय म्हणून जाड तार गुंडाळणं तर मुळीच नको. शेडमध्ये महावितरणची लाइनही आलेली असेल आणि कोणती वायर कशाची हे ओळखू येत नसेल, तर परवानाधारक वायरमनशिवाय पेटी उघडू नका.

फोन करताना ते चार ठिकाणचे व्होल्ट, पॅनेल-कंट्रोलरच्या मागच्या चिकटपट्ट्यांचे फोटो, वायर किती एमएमची आणि किती मीटर, आणि बॅटरी कधी घेतली, एवढं सांगा. येणारा माणूस त्यावरून योग्य वायर आणि लग बरोबर घेऊन येईल आणि त्याची दुसरी खेप वाचेल.